वेबसाईटचा खर्च काढताय? आधी दुसऱ्या वर्षाचं बिल मांडा, पहिल्याचं नंतर

मागच्या नोव्हेंबरात आपला एक कुलरवाला मित्र माझ्याकडे आला. नागपुरात वाठोड्याकडे त्याचं शेड आहे, तिथे पत्रा कापून, मोटर-पंप बसवून कुलर तयार होतात आणि महाल भागात दुकान आहे. हातात एक कोटेशन होतं, "पंधरा हजारात कंप्लीट वेबसाईट, डोमेन होस्टिंग फ्री". म्हणे, "भाऊ, पंधरा हजार तं एका लॉटच्या मोटरीत जातात, करून टाकू का?" मी विचारलं दुसऱ्या वर्षी किती देशील? तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षी काहून द्यायचे? वेबसाईट तं झाली न."

इथेच सगळी गडबड आहे. मी ९ वर्षांपासून छोट्या धंद्यांच्या साईटी बनवून राहिलो, आणि पहिल्या वर्षी पैशावरून कोणी भांडत नाही, भांडण बारा-तेरा महिन्यांनी होते, जेव्हा रिन्यूअलचा मेल येतो. म्हणून त्या दिवशी आम्ही चहा पिऊन एक एक्सेल शीट केली आणि त्याच्याच साईटचा हिशोब मांडला. तोच इथे देतो. वर्डप्रेसची साईट, वीसेक मॉडेलचा कॅटलॉग, चौकशीचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपचं बटण, ऑनलाईन पेमेंट नाही. आकडे त्याला त्यावेळी दिसलेल्या भावाचे आहेत, तुमच्यासमोरचे वेगळे राहतील, पण पद्धत तीच.

पहिलं काम: दोन कॉलम पाडा

शीटमध्ये एक कॉलम "पहिल्या वर्षी खिशातून" आणि दुसरा "दरवर्षी". प्रत्येक ओळ लिहिताना एकच प्रश्न विचारायचा, ही वस्तू आपण विकत घेतली की भाड्याने घेतली? डिझाईन, फोटो, मजकूर हे विकत घेतलेलं, एकदाच. डोमेन म्हणजे साईटचं नाव, होस्टिंग म्हणजे साईट ठेवायची जागा, मेलबॉक्स, आणि पेड प्लगिन म्हणजे साईटला जोडायच्या जादा सोयी, त्यांचं लायसन्स, हे सगळं भाडं, आणि भाडं थांबलं की वस्तू जाते नाहीतर हळूहळू सडते. डोमेन "विकत घेतलं" असं आपण बोलतो पण ते खरं नाही, डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते, कायमचं कोणालाच मिळत नाही.

आधी दुसरा कॉलम भरायचा. पहिला नंतर, त्यात ऑफरींचा गोंधळ असतो.

डोमेन: रक्कम लहान, घोळ मोठा

डोमेनच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला भाव पहिल्या वर्षाचा असतो. कार्टमध्ये गेल्यावर त्याखाली बारीक अक्षरात `Renews at` असं काहीतरी दिसते, शीटमध्ये तो आकडा घ्यायचा. मित्राला डॉट कॉम पहिल्या वर्षी ७९९ ला मिळत होतं, रिन्यूअल १,४९९. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पहिल्या वर्षी ९४३ आणि पुढे दरवर्षी १,७६९. कार्टमध्ये सोबत एसएसएल, साईट सिक्युरिटी, बॅकअप असल्या गोष्टींवर आधीच टिक लागलेली असते, ती काढायची. एसएसएल म्हणजे पत्त्यासमोर https आणणारं सर्टिफिकेट, त्याला वेगळे पैसे द्यायची अशा साईटला गरज नाही, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप रिन्यू करून देतात. कोटेशनमध्ये "एसएसएल ३,००० प्रतिवर्ष" अशी ओळ दिसली तर काहून म्हणून विचारा.

पण डोमेनमध्ये पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते कोणाच्या खात्यात आहे. माझ्या ओळखीतल्या एकाचं डोमेन बनवणाऱ्याच्या खात्यात होतं, बनवणारा पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि एप्रिलमध्ये ऐन धंद्याच्या वेळेला डोमेन संपलं. साईट तं गेलीच, त्या डोमेनवरचे ईमेलही बंद झाले, कारण मेलही डोमेनवरच उभा असतो, हे त्याला तेव्हा समजलं. डॉट कॉमचं असं असते की मुदत संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडून डोमेन घेतलं ती कंपनी, आपल्या नियमाप्रमाणे काही दिवस साध्या भावात रिन्यू करू देतो, जास्तीत जास्त ४५ दिवस, काही जण त्याहून बरेच कमी देतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात डोमेन परत मिळते पण दंड लागतो आणि तो रिन्यूअलच्या कितीतरी पट राहते. मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि सहाव्या दिवशी ते कोणीही घेऊ शकते.

म्हणून खातं तुमच्या मेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नको, साधा जीमेल ठेवा, नाहीतर डोमेन संपल्याचा इशारा बंद पडलेल्या मेलवर येईल. साईट आधीच असेल तर `lookup.icann.org` वर जाऊन नाव टाका, `Registry Expiration` ची तारीख आणि रजिस्ट्रारचं नाव दोन्ही दिसते. ज्या रजिस्ट्रारचं नाव दिसलं त्याच्याकडे तुमचं लॉगिन नसेल तर आज संध्याकाळीच बनवणाऱ्याला फोन लावा.

कुलरवाल्यासाठी आणखी एक गोष्ट केली. त्याचा फेब्रुवारी-मार्च म्हणजे पैसा पत्र्यात, मोटरीत, वूडवूलमध्ये अडकलेला असतो, आणि साईट डिसेंबर-जानेवारीत सुरू केली की रिन्यूअल नेमकं सिझनच्या तोंडावर येणार. डोमेन मुदतीआधी कधीही रिन्यू करता येते, वर्ष पुढे जोडलं जाते, आधीचे दिवस वाया जात नाहीत. मग आम्ही ठरवलं की दरवर्षी जुलैमध्ये, सिझनचे पैसे हातात असताना, पुढचं वर्ष भरून टाकायचं.

होस्टिंग: सगळ्यात जास्त फसवणारी ओळ

"१४९ रुपये महिना" ही जाहिरात खोटी नसते, पण तो भाव ३६ महिन्यांचे पैसे एकदम भरले तर. १४९ गुणिले ३६ म्हणजे ५,३६४, जीएसटी धरून ६,३३०. हे पहिल्याच दिवशी जातात. रिन्यूअलचा भाव ४४९ रुपये महिना होता, त्याने एका वर्षाचे ५,३८८, जीएसटीसह ६,३५८. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, पहिली तीन वर्षं मिळून ६,३३० आणि चौथं एकटं वर्ष ६,३५८. मित्र दोन मिनिटं शीटकडे पाहतच राहिला बे.

मग "दरवर्षी" च्या कॉलममध्ये काय लिहायचं? माझं मत, रिन्यूअलचाच भाव लिहायचा, म्हणजे ६,३५८, जरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्यक्षात काही भरायचं नसलं तरी. ते पैसे बाजूला पडू द्या. चौथ्या वर्षी त्यांनी पुन्हा ३६ महिन्यांचे एकदम मागितले तर १९,०७४ होतात, आणि धंद्यात अशी रक्कम अचानक आली की माणूस घाईत कुठल्यातरी अजून स्वस्त होस्टिंगवर उडी मारते. बदलणं वाईट नाही, पण साईट हलवायलाही चार-पाच तासांचं काम लागते, त्याचे पैसे कोणीतरी लावणारच.

"अनलिमिटेड" शब्दाकडे लक्ष देऊ नका. शेअर्ड होस्टिंगमध्ये जागेपेक्षा फाईलींची संख्या आणि एका वेळी किती प्रोसेस चालतील यावर मर्यादा असते, आणि ती अटींच्या पानात लिहिलेली असते. एरवी समजत नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत फेसबुकवर जाहिरात लावली आणि एकदम गर्दी आली की पानावर `508 Resource Limit Is Reached` दिसते. असं एकदा दिसलं तर घाबरून मोठा प्लॅन घेऊ नका, आधी होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये `Resource Usage` उघडा. फक्त जाहिरातीच्या दिवशीच रेषा वर लागत असेल तर कॅशिंग, म्हणजे पानाची तयार कॉपी दाखवायची सोय, नीट लावून काम भागते, रोजच लागत असेल तर मग प्लॅन वाढवायचा आणि शीटमध्ये ती ओळ बदलायची. सर्व्हर निवडता आला तर मुंबईचा घ्या, गिऱ्हाईक इथलंच आहे.

प्लगिन: फुकट मिळालेलं लायसन्स कोणाचं?

कोटेशनमध्ये लिहिलं होतं, "३५,००० चे प्रीमियम प्लगिन मोफत". हे कसं होते सांगतो. बरीच पेड प्लगिनं एका साईटच्या लायसन्समध्येही येतात आणि शंभर-हजार साईटच्या एजन्सी लायसन्समध्येही. बनवणारा आपल्या एजन्सी लायसन्सची किल्ली तुमच्या साईटवर टाकते, त्याला जास्तीचा खर्च जवळपास नाही. त्यात चूक काही नाही, मीही करतो. पण त्याच्याशी तुमचं काम संपलं किंवा त्यानेच लायसन्स रिन्यू केलं नाही की तुमच्या साईटवरचे अपडेट थांबतात. प्लगिन चालत राहते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि सहा महिन्यांनी त्यात एखादं भोक सापडते ज्याचा इलाज नव्या व्हर्जनमध्ये असते आणि तुमच्याकडे जुनंच. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर प्लगिनच्या यादीत "अपडेट आहे पण लायसन्स टाका" असा पिवळा पट्टा दिसला तर हेच झालेलं आहे समजा. त्याहून वाईट म्हणजे नल्ड, म्हणजे चोरीचं प्लगिन, त्यात अनेकदा मालवेअर भरूनच येते, त्याच्या वाटेला जाऊच नका.

म्हणून प्रत्येक पेड प्लगिनसमोर लिहून घ्या की लायसन्स कोणाच्या नावाचं आणि स्वतः घ्यायचं झालं तर किती. डॉलरमध्ये भाव असेल तर नुसता गुणाकार करू नका. मित्राच्या डिझाईनला एक पेज बिल्डर, म्हणजे माऊसने ओढून पानं मांडायचं प्लगिन, लागणार होता, ५९ डॉलर वर्षाला. मी शीटमध्ये डॉलर ९० रुपये धरला. ५९ वर १८ टक्के कर लागून झाले ६९.६२ डॉलर, म्हणजे ६,२६६ रुपये, त्यावर कार्डाचं साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी, असं करत ६,५२५ झाले. नुसत्या गुणाकाराने ५,३१० वाटत होते. तुमचा जीएसटी नंबर असेल तर परदेशी खरेदीवर रिव्हर्स चार्जचा, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी आपणच भरायचा, विषय येतो, ते एकदा सीएला विचारून घ्या, आणि देशातल्या बिलांवर आपला नंबर टाकायला विसरू नका म्हणजे क्रेडिट मिळेल. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, पूर्ण रक्कमच खर्च धरा.

बाकी कामांसाठी, म्हणजे बॅकअप, कॅशिंग, फॉर्म, एसईओ, फ्री व्हर्जन अशा साईटला पुरतात. ऑनलाईन पेमेंट घेणार असाल तर मात्र आणखी एक ओळ टाका, गेटवेवाले व्यवहारावर साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, तो खर्च साईटचा नाही, विक्रीचा आहे, म्हणून वर्षाच्या अंदाजाने काढावा लागेल.

ईमेल

हे कोटेशनमध्ये बहुतेक नसतेच. होस्टिंगसोबत फुकट मेलबॉक्स येतो पण तिथून पाठवलेले मेल स्पॅममध्ये जायचं प्रमाण जास्त, आणि होस्टिंग बदललं की मेलही हलवावा लागतो. मित्राने एकच पेड बॉक्स घेतला, २०० रुपये महिना, वर्षाला जीएसटीसह २,८३२. "सेल्स", "सर्व्हिस" असे बाकीचे पत्ते त्याच बॉक्सला एलियास म्हणून जोडले, त्याचे वेगळे पैसे नाहीत. माणूस वाढला की बॉक्स वाढेल, आधीच पाच घ्यायची हौस नको.

मेंटेनन्स: टक्क्यात नको, तासात काढा

"वार्षिक मेंटेनन्स २० टक्के" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, त्यात करणार काय? आमच्या शीटमध्ये आम्ही तास लिहिले, ५०० रुपये तासाने.

महिन्याला एक तास: बॅकअप घेणं, वर्डप्रेस आणि प्लगिन अपडेट करणं, साईट उघडून दोन-तीन पानं मोबाईलवर पाहणं, आणि चौकशीचा फॉर्म स्वतः भरून मेल येतो का पाहणं. हे शेवटचं कोणीच करत नाही आणि तेच सगळ्यात महागात पडते. फॉर्म भरल्यावर स्क्रीनवर "धन्यवाद" दिसते, पण मेल सर्व्हरनेच अडवलेला असतो किंवा स्पॅममध्ये पडलेला असतो, आणि मालक समजते यंदा मार्केट थंड आहे. एप्रिलमध्ये दुकानात गर्दी आणि साईटवरून एकही चौकशी नाही, असं दिसलं की आधी फॉर्म तपासा. फॉर्मचा मेल एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या मेलबॉक्सच्या लॉगिनने, पाठवायची सेटिंग केली आणि फॉर्मच्या नोंदी डेटाबेसमध्येही जपल्या तर हे बरंचसं टळते. बॅकअपचंही तसंच, तो होस्टिंगच्याच खात्यात पडून असेल तर खातं गेलं की बॅकअपही गेला, गुगल ड्राईव्हवर पाठवा, आणि वर्षातून एकदा तरी तो परत लावून पाहा, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती फाईल.

त्याशिवाय सिझनआधी आठ तास: नवे मॉडेल, नवे फोटो चढवणं, भाव बदलणं, आणि वर्डप्रेस ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीचं व्हर्जन जुनं झालं असेल तर वाढवून सगळं चालते का पाहणं. पीएचपीच्या प्रत्येक व्हर्जनचा सपोर्ट कधीतरी संपतो, ८.१ चा २०२५ च्या अखेरीस संपला, आणि हे काम आज ना उद्या येतेच. ते ऑक्टोबर ते जानेवारीत उरकायचं, मे महिन्यात हात लावायचा नाही.

बारा तासांचे ६,०००, आठ तासांचे ४,०००, असे १०,०००. वर ३,००० राखीव, साईट हॅक झाली किंवा काही फुटलं तर. लागले नाही तर पुढच्या वर्षाला जातील. पहिल्या वर्षी तीन महिने बनवणाऱ्याच्या पैशातच धरलेले होते आणि सिझनचं काम साईटच्या बांधणीतच झालं, म्हणून फक्त नऊ तास.

झालेली शीट

| बाब | पहिल्या वर्षी | दरवर्षी |
|---|---|---|
| बांधणी | २८,००० | – |
| फोटो | ५,००० | – |
| डोमेन | ९४३ | १,७६९ |
| होस्टिंग | ६,३३० | ६,३५८ |
| पेज बिल्डर | ६,५२५ | ६,५२५ |
| ईमेल | २,८३२ | २,८३२ |
| मेंटेनन्स | ४,५०० | १०,००० |
| राखीव | – | ३,००० |
| एकूण | ५४,१३० | ३०,४८४ |

साहजिकच तो भडकला. "पंधरा हजाराचं काम घेऊन आलो आणि तू चोपन्न दाखवून राहिला." मी म्हटलं, त्या पंधरा हजारवाल्यालाच फोन लाव आणि विचार, डोमेन कोणाच्या नावावर, रिन्यूअल किती, प्लगिनचं लायसन्स कोणाचं, महिन्याला काय काय करणार, आणि मला साईट दुसरीकडे न्यायची झाली तर काय काय देणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव म्हणा. स्पीकरवरच लावला त्याने. उत्तर आलं, डोमेन आमच्या खात्यात राहते, दुसऱ्या वर्षापासून "रिन्यूअल पॅकेज" १८,०००, त्यात अपडेट नाही, बदल करायचे तर वेगळे, आणि साईट नेता येत नाही. म्हणजे १८ हजार देऊनही मेंटेनन्सची ओळ रिकामीच राहणार होती.

मग तो आपल्या पद्धतीने मोजायला लागला. एका कुलरमागे सगळं जाऊन त्याला ९०० च्या आसपास उरतात. ३०,४८४ भागिले ९००, म्हणजे वर्षाला चौतीस कुलर नुसते साईटच्या भाड्याचे. चौतीस कुलर साईटमुळे जास्तीचे विकले जातील का, हा प्रश्न त्याला बरोबर समजला. पेज बिल्डरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे सात कुलर काहून देऊन राहिलो आपण?"

प्रश्न खरा होता. वीस मॉडेलचा कॅटलॉग वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्येही होते, थोडी मेहनत जास्त. पण हा निर्णय बांधणीच्या आधीच घ्यावा लागते, कारण पेज बिल्डरमध्ये बनवलेली पानं नंतर तो काढला की विस्कटतात आणि जवळपास परत बनवावी लागतात. आम्ही तर अजून सुरूच केलं नव्हतं. बांधणीत ३,००० वाढवले, पेज बिल्डर काढला. पहिलं वर्ष ५०,६०५ वर आलं आणि दरवर्षीचं २३,९५९ वर, म्हणजे सत्तावीस कुलर. तेवढ्याला तो हो म्हणाला, आणि शीटमध्ये त्याने स्वतःच शेवटी एक कॉलम वाढवला, "कुलर".